नऊ ए-फोर कागदांतून एक मोठं पोस्टर

ए-वन आकाराच्या कागदात ए-फोरचे बरोबर आठ कागद बसतात. म्हणून ए-वन पोस्टर साध्या प्रिंटरवर छापायला आठ कागद पुरतील, असा हिशेब कोणीही करतो. मग प्रिंटच्या खिडकीत कागदांचा आकडा बारा दिसतो आणि गोंधळ सुरू होतो.

आकडा बरोबरच असतो. बहुतेक प्रिंटर कागदाच्या अगदी कडेपर्यंत छापत नाहीत. कागद पुढे ओढणारे रोलर आणि छपाईची यंत्रणा यांना थोडी जागा लागते, त्यामुळे चारही बाजूंना तीन ते पाच मिलिमीटरचा समास कोराच राहतो. काही इंकजेटमध्ये खालचा समास त्याहूनही मोठा असतो. शिवाय दोन कागद एकमेकांवर चिकटवायचे तर दोन्हींवर थोडं चित्र सारखंच छापलेलं हवं. या दुहेरी छापलेल्या पट्टीला ओव्हरलॅप म्हणतात. समास आणि ओव्हरलॅप वजा केल्यावर उरतो तो खरा उपयोगी कागद, आणि सगळं नियोजन त्याच्यावर करायचं असतं.

आधी मोजमाप, मग छपाई

एक उदाहरण घेऊन शेवटपर्यंत जाऊ. मानवी सांगाड्याचा तक्ता आहे, ए-फोर आकाराची उभी पीडीएफ आहे आणि तो भिंतीवर साधारण ए-वन एवढा, म्हणजे ५९४ बाय ८४१ मिलिमीटर हवा आहे.

ए-फोर कागद २१० बाय २९७ मिलिमीटरचा. आपल्या प्रिंटरचा समास सगळीकडे ५ मिलिमीटर धरला तर छापता येण्याजोगी जागा उरते २०० बाय २८७. ओव्हरलॅप १० मिलिमीटर ठेवू. आता शेजारी शेजारी तीन कागद लावले तर रुंदी मिळते ३ × २०० वजा दोन सांध्यांचे २०, म्हणजे ५८० मिलिमीटर. हवे आहेत ५९४. फक्त १४ मिलिमीटर कमी पडतात, आणि तेवढ्यासाठी सॉफ्टवेअर चौथा उभा रकाना उघडतं. उंचीत मात्र ३ × २८७ वजा २० केले की नेमके ८४१ येतात, म्हणजे तीन ओळी पुरतात. चार रकाने आणि तीन ओळी, असे झाले बारा कागद. त्यातल्या तीन कागदांवर बोटभर रुंदीची पट्टी छापलेली असेल आणि बाकी सगळं कोरं.

उपाय सरळ आहे: पोस्टर थोडं लहान करा. ए-फोरवरून ए-वनला जायला २८३ टक्के लागतात. त्याऐवजी २७५ टक्के केलं तर पोस्टर ५७७ बाय ८१७ मिलिमीटरच्या आसपास येतं, तीन बाय तीनमध्ये बसतं आणि नऊ कागदांत काम होतं. भिंतीवर लावल्यावर दीड ते अडीच सेंटिमीटरचा हा फरक कोणाच्या लक्षात येत नाही. तीन सांधे आणि बरीचशी कापाकापी मात्र वाचते, आणि जोडकामात प्रत्येक सांधा ही चुकायची एक जागा असते.

तीन रकान्यांचा आणखी एक फायदा आहे. रकाने दोन किंवा चार असले आणि चित्र मधोमध वाटलं गेलं, तर एक सांधा बरोबर मध्यातून जातो. सांगाड्याच्या तक्त्यात मध्यावर कवटी आणि पाठीचा कणा आहे. सांधा कितीही चांगला जमला तरी चेहऱ्याच्या मधून गेलेली रेघ डोळ्यांना खुपतेच. विषम रकाने घेतले की मधला भाग अख्ख्या कागदावर येतो. व्यक्तिचित्र किंवा मध्यावर मोठा मथळा असलेलं पोस्टर असेल तर हे आकार ठरवतानाच बघा.

आपल्या प्रिंटरचा समास माहीत नसेल तर गडद रंगानं पूर्ण भरलेलं एक ए-फोर पान `Actual size` वर छापा आणि चारही बाजूंची पांढरी कड पट्टीनं मोजा. याच छपाईत आणखी एक गोष्ट तपासून घ्या. पानावर आधीच १०० मिलिमीटरची एक आडवी आणि एक उभी रेघ काढून ठेवा. छापल्यावर ती अर्धा मिलिमीटर कमी-जास्त भरली तर घाबरायचं कारण नाही. सगळे कागद त्याच प्रिंटरमधून त्याच दिशेनं गेले की सगळ्यांत चूक सारखीच होते आणि चित्र एकमेकांशी जुळतं. रेघ ९५-९६ मिलिमीटर आली तर मात्र कुठेतरी पान लहान करून समासाच्या आत बसवणारं `Fit` चालू राहिलं आहे, ते शोधून बंद करा.

फोटोसारखं चित्र असेल तर पिक्सेलही बघून घ्या. ५७७ मिलिमीटर म्हणजे पावणेतेवीस इंच. चित्राची रुंदी २,४०० पिक्सेल असेल तर इंचाला साधारण १०५ पिक्सेल पडतात, आणि चार-पाच फुटांवरून बघायच्या पोस्टरला तेवढे पुरतात. जवळ जाऊन बारीक मजकूर वाचायचा असेल तर इंचाला १५० तरी हवेत. मजकूर आणि रेघा मुळात व्हेक्टर, म्हणजे कितीही मोठ्या केल्या तरी धूसर न होणाऱ्या असतील, जसं बहुतेक तक्त्यांच्या पीडीएफमध्ये असतं, तर हा प्रश्नच येत नाही.

छपाईच्या खिडकीत

ब्राउझरच्या प्रिंटमध्ये पोस्टर असा पर्याय सहसा नसतो. पीडीएफ Adobe Acrobat Reader मध्ये उघडा, प्रिंटच्या खिडकीत जा आणि सगळ्यांत आधी कागदाचा आकार `A4` आहे ना ते बघा. तिथे `Letter` राहिलेलं असणं ही नेहमीची गफलत आहे. लेटर कागद ए-फोरपेक्षा सहा मिलिमीटर रुंद आणि अठरा मिलिमीटर आखूड असतो. त्यामुळे तुकड्यांचा हिशेब भलत्याच कागदासाठी होतो आणि ओव्हरलॅपचा काही भाग छपाईतच गायब होतो.

मग `Poster` निवडा. `Tile Scale` मध्ये 275 भरा. `Overlap` मध्ये 10 मिलिमीटर, आणि तिथे इंच दिसत असतील तर 0.4. `Cut marks` आणि `Labels` या दोन्ही चौकटींवर खूण करा. उजवीकडच्या चित्रात कागद कसे वाटले गेले ते दिसतं. तिथे तीन बाय तीन दिसायला हवं. चौथा रकाना दिसला तर तुमच्या प्रिंटरचा समास ५ मिलिमीटरपेक्षा मोठा आहे. टक्केवारी एकेकानं कमी करत जा, आकडा नऊवर उतरला की थांबा.

फाइल पीडीएफ नसून साधं चित्र असेल तर PosteRazor हा मोफत प्रोग्राम सोपा पडतो. तो चित्र, कागदाचा आकार व समास, ओव्हरलॅप आणि शेवटचा आकार असं क्रमानं विचारतो आणि सगळे तुकडे एका पीडीएफमध्ये पानापानांवर देतो. पुढे एखादा कागद कापताना बिघडला तर तेवढंच पान परत छापता येतं, ही त्यातली मोठी सोय. मात्र ती पीडीएफ छापताना `Actual size` ठेवा. तिथे `Fit` लागलं तर समास दुसऱ्यांदा वजा होतो. काही प्रिंटरच्या ड्रायव्हरमध्येही पोस्टर छापायची सोय असते, पण बऱ्याचदा २×२, ३×३ असे ठरावीक पर्यायच मिळतात आणि आकार नेमका ठरवता येत नाही. पेंटमध्येही चित्र अनेक पानांवर वाटता येतं, पण ओव्हरलॅप मिळत नाही. जोडकामासाठी मी ते वापरणार नाही.

सगळे कागद एकाच पाकिटातले घ्या आणि एकाच बैठकीत छापा. शाई मध्येच संपत आली की पाचव्या कागदाचा निळा आणि सहाव्याचा निळा वेगळा दिसतो, आणि शेजारी लावल्यावर तो फरक सांध्यापेक्षा जास्त उठून दिसतो. लेझरमधून निघालेले कागद उष्णतेनं थोडे वळलेले असतात. ते रात्रभर जाड पुस्तकाखाली ठेवा. इंकजेटचे कागद पूर्ण वाळू द्या, नाहीतर पट्टी फिरवताना शाई पसरते.

पार्श्वभूमी पूर्ण पांढरी असेल तर छापण्याआधी एक काम करा. सांगाड्याच्या तक्त्यात पायांच्या बाजूचा भाग कोरा आहे. तिथे दोन कागद जुळवायला धरून चालण्यासारखं काहीच नाही. मूळ फाइलमध्ये अगदी फिक्या राखाडी, केसासारख्या बारीक रेघांची जाळी टाका. दोन हातांवरून ती दिसतही नाही, पण जुळवताना तिचाच आधार असतो.

कोणती बाजू कापायची

नवशिका सहसा प्रत्येक कागदाचे चारही समास कापून टाकतो. मग चिकटवायला खाली पट्टीच उरत नाही. प्रत्येक सांध्यात एक कागद वर येतो आणि एक खाली जातो. कापायचा तो फक्त वरचा.

एक नियम ठरवून टाका: उजवीकडचा कागद डावीकडच्यावर येईल आणि खालची ओळ वरच्या ओळीवर येईल. म्हणजे कापायची ती फक्त डावी आणि वरची कड. उजवी आणि खालची कड समासासकट तशीच ठेवायची, ती पुढच्या कागदाखाली झाकली जाते. १० मिलिमीटरचा ओव्हरलॅप आणि ५ मिलिमीटरचा समास मिळून चिकटवायला १५ मिलिमीटरची पट्टी मिळते. पहिल्या रकान्याची डावी कड आणि पहिल्या ओळीची वरची कड सध्या कापू नका. त्या पोस्टरच्या बाहेरच्या कडा आहेत, त्या शेवटी एकदम कापायच्या.

कापण्याआधी नऊही कागद फरशीवर क्रमानं मांडा आणि प्रत्येकाच्या मागे पेन्सिलीनं क्रमांक व वरच्या दिशेचा बाण काढा. लेबल कागदाच्या कडेजवळ छापलेलं असतं. कड कापली की तेही जातं.

कापताना जिथे छपाई सुरू होते तिथे अगदी कडेवर कापू नका, दोनेक मिलिमीटर आत कापा. कागद प्रिंटरमधून थोडा तिरका गेला असेल तर बरोबर कडेवर कापल्यावर एका टोकाला केसाएवढी पांढरी रेघ राहते आणि तीच पुढे डोळ्यात भरते. आत कापल्यानं काही गमावत नाही, कारण तेवढं चित्र खालच्या कागदावरही छापलेलं आहे. जिथे चित्र कोरं आहे आणि छपाई कुठे सुरू होते ते कळत नाही, तिथे कट मार्कच्या खुणांना पट्टी लावा.

कात्री नको. स्टीलची पट्टी, नवं पातं लावलेला कटर आणि खाली कटिंग मॅट किंवा जाड पुठ्ठा. पट्टी चित्राच्या बाजूला ठेवा, म्हणजे हात घसरला तरी पातं समासात जाईल. दाब हलका ठेवा आणि गरज पडली तर त्याच जागी दुसऱ्यांदा फिरवा. पातं बोथट झालं की कागद कापला न जाता ओढला जातो आणि कडेला बारीक तंतू दिसू लागतात. गडद चित्र असेल तर कापलेल्या कडेची पांढरी जाडी चमकते. कापून झाल्यावर त्याच रंगाचं स्केचपेन कागदाच्या मागच्या बाजूनं कडेवर हलकेच फिरवलं की ती रेघ विझते.

जोडणी

आधी प्रत्येक आडव्या ओळीतले तीन कागद एकमेकांना जोडा, मग तयार झालेल्या तीन पट्ट्या. हा क्रम उगाच नाही. ओळीतला सांधा कागदाच्या लांब बाजूनं, म्हणजे २८७ मिलिमीटरचा असतो. एका टोकाला अर्ध्या मिलिमीटरची चूक झाली तर लांब सांध्यात कागद कमी तिरका होतो आणि आखूड सांध्यात जास्त. नंतर पट्ट्या जोडताना सांधा आणखी लांब, जवळजवळ ५८० मिलिमीटरचा मिळतो.

जुळवायचं ते चित्राशी, कागदाच्या कडेशी नाही. कागद प्रिंटरमध्ये थोडा सरकलेला असतो, त्यामुळे कडा बरोबर मिळवल्या तर बरगड्या तुटतात. वरच्या कागदाच्या डाव्या कडेजवळ, दुहेरी छापलेल्या भागात, दोन ठळक जागा शोधा. एक वरच्या टोकाजवळ, एक खालच्या. बरगडीचं टोक, जाळीच्या दोन रेघांचा छेद, असं काहीही चालेल. वरच्या कागदावरच्या त्या जागेतून टाचणी आरपार घाला आणि तिचं टोक खालच्या कागदावरच्या त्याच जागेवर टेकवा. दुसऱ्या टोकालाही तसंच करा. आता कागद आपोआप जागेवर बसतो. दोन्ही टाचण्या तशाच उभ्या ठेवून उजव्या बाजूला मास्किंग टेपचे दोन तुकडे लावून कागद खाली धरून ठेवा, म्हणजे तो दाराच्या पल्ल्यासारखा उघडता-मिटता येतो. टाचण्या काढा, डावी कड उचला, खालच्या पट्टीवर ग्लू स्टिक फिरवा आणि कड परत खाली टेकवा. मधून बाहेर अशा दिशेनं वरून कोरा कागद ठेवून बोटानं घासा. छापलेल्या भागावर थेट घासलं तर चमक उतरते.

पातळ पांढरा गोंद टाळा. त्यातल्या पाण्यानं कागद फुगतो, वाळताना आक्रसतो आणि सांध्यालगत सुरकुत्यांची रांग उठते. इंकजेटची शाईही त्यात विरघळू शकते. डबल टेप स्वच्छ काम करते, पण एकदा टेकली की सरकवता येत नाही. ग्लू स्टिक अर्धं-एक मिनिट हालचाल करू देते, म्हणून पहिल्या पोस्टरला तीच बरी. सांधा बसल्यावर पोस्टर उलटं करून मागून मास्किंग टेपची पट्टी लावा, म्हणजे वर्षभरानं ग्लू सुकून सुटला तरी कागद जागेवर राहील.

ओळ पूर्ण झाली की तिच्या वरच्या कडेजवळच्या जाळीच्या रेघेवर लांब पट्टी किंवा ताणलेला दोरा धरून बघा. रेघ दोऱ्याला सोडून कमानीसारखी वळली असेल तर एखादा कागद फिरला आहे. तो सांधा आत्ताच उकलून घ्या. पट्ट्या जोडायला गेल्यावर अशी वळलेली ओळ शेजारच्या सरळ ओळीशी मधोमध जुळते आणि दोन्ही टोकांना एक-दोन मिलिमीटर सुटते. तिथे कागद ओढून जुळवायचा प्रयत्न केला तर फुगा येतो.

पट्ट्या जोडण्याआधी चार कागद जिथे एकत्र येतात ते कोपरे बघा. तिथे दोन ओळींचे दोन-दोन थर एकावर एक येऊन कागदाची चौपदरी गाठ होते आणि पुढून गोटीसारखा उंचवटा दिसतो. वरच्या ओळीच्या खालच्या पट्टीत, सांध्याच्या जागी, जो थर खाली झाकला जाणार आहे त्याचा कोपरा तिरका छाटून टाका. एक थर कमी झाला तरी फरक कळतो. मग पट्ट्या टाचणीच्या त्याच पद्धतीनं जोडा, फक्त यावेळी दोन टोकांबरोबर मधलीही एक जागा धरा.

हात बसल्यावर पायरी न दिसणारा सांधाही करता येतो. दोन कागद ओव्हरलॅपमध्ये जुळवून पुढून मास्किंग टेपनं पक्के करा, ओव्हरलॅपच्या मधोमध स्टीलची पट्टी ठेवा आणि दोन्ही कागद एकाच वेळी आरपार कापा. दोन्ही बाजूंचे निरुपयोगी तुकडे काढले की कडा एकमेकींना अचूक टेकतात, कारण कापताना पातं एकच होतं. मागून रुंद टेप लावली की झालं. गडद किंवा सपाट रंगाच्या पोस्टरला ही पद्धत खूपच चांगली दिसते. पण कटर आरपार नेताना हात हलला तर दोन्ही कागद वाया जातात, आणि कडा टेकलेल्या असल्यामुळे कोरड्या हवेत कागद आक्रसला की फट दिसते. पहिल्या खेपेला ओव्हरलॅपच करा.

सगळं जोडून झाल्यावरच बाहेरच्या चार कडा कापा. वरच्या कडेचे तीन कागद अगदी एका रेघेत येत नाहीत, आणि आता लांब पट्टीनं एकदम कापल्यावर ते येतात. पट्टी तेवढी लांब नसेल तर जाळीची रेघ धरून टप्प्याटप्प्यानं सरका, पण प्रत्येक वेळी मागच्या कापाशी दहा सेंटिमीटर तरी पट्टी टेकलेली राहू द्या.

भिंतीवर लावताना नऊ कागदांचं वजन पन्नास ग्रॅमसुद्धा भरत नाही, त्यामुळे सांध्यांवर ताण येईल ही भीती नको. त्रास होतो तो ओलाव्याचा. कागद दमट हवेत पसरतो, आणि चारही कडा घट्ट चिकटवलेल्या असतील तर पसरायला जागा न मिळून मधोमध फुगवटा येतो. वरची कड पूर्ण लावा, खालचे दोन कोपरे फक्त टेपच्या छोट्या तुकड्यांनी धरा आणि बाजूच्या कडा मोकळ्या सोडा.